शपथ खाल्ली कशी जाते?

शाळेच्या मधल्या सुट्टीत पेन्सिल हरवते, आळ एकावर येतो आणि तो गळ्याची कातडी चिमटीत धरून म्हणतो, "आईशप्पथ, मी नाही घेतली!" समोरचा तेवढ्यावर ऐकत नाही. "खा देवाची शपथ," म्हणतो. या 'खा'पाशी दोघांपैकी कुणीच अडखळत नाही. खरं तर शपथ ही बोलायची गोष्ट आहे. ती घेता येते, घालता येते, पण खायची कशी? आपल्या कानाला त्यात काही खटकत नाही. मराठी शिकणारा परभाषक मात्र इथे थबकतो आणि त्याचं थबकणं अगदी रास्त असतं.

वाक्प्रचार तो हाच. शब्द सगळे ओळखीचे, पण त्यांची बेरीज केली की भलतंच उत्तर येतं. 'तोंडात बोटं घालणं' म्हणजे थक्क होणं. त्यात एक आकडा घालून बघा: 'त्याने तोंडात दोन बोटं घातली.' लगेच आश्चर्य नाहीसं होतं आणि खरोखरीचं तोंड, खरोखरीची बोटं दिसू लागतात. शपथेचंही तसंच. शपथ खाता येते, पण चावता येत नाही, गिळता येत नाही, तिचा घासही घेता येत नाही. वाक्प्रचारात जवळच्या अर्थाचा दुसरा शब्द बसत नाही, कारण तो आपण शब्दाशब्दाने जुळवत नाही, अख्खाच उचलतो. डेव्हिड स्विनी आणि ॲन कटलर या मानसभाषाशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. समोर दिसणारे शब्द मिळून अर्थपूर्ण पदबंध होतो का, एवढंच लोकांनी सांगायचं होतं. साध्या पदबंधांपेक्षा वाक्प्रचार लोकांनी लवकर ओळखले. आधी शब्दशः अर्थ लावायचा, तो जुळला नाही की दुसरा शोधायचा, असा हेलपाटा मन घालत नाही.

पण हे झालं आज आपण वाक्प्रचार कसा वापरतो त्याबद्दल. पहिल्यांदा कुणीतरी तो म्हटला असेल तेव्हा त्या शब्दांना काही अर्थ असणारच. मग शपथ कुणी, कुठे आणि कशी खाल्ली?

आधी आपल्याच घरात शोधू. जुन्या मराठीत 'आण वाहणं' आहे, 'आण घालणं' आहे. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन देवासमोर खरं बोलायचं, म्हणून 'बेलभंडार उचलणं' आहे. या सगळ्यांत हात आहे, देव आहे, खाणं कुठेच नाही. संस्कृतात शपथ 'करतात'. तमिळमध्येही 'सत्य' करतात. धर्मशास्त्रात एक धागा सापडतो. याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्यं सांगितली आहेत. त्यांतलं कोश म्हणजे देवाच्या मूर्तीला घातलेल्या स्नानाचं पाणी आरोपीने ओंजळीने प्यायचं आणि पुढच्या काही दिवसांत त्याच्यावर अरिष्ट येतं का ते पाहायचं. मोठा मोह होतो की हेच मूळ म्हणून मोकळं व्हावं. पण कोशपानातून 'शपथ पिणं' किंवा 'शपथ खाणं' असा प्रयोग संस्कृतात रूढ झाला नाही. चाल होती, वाक्प्रचार नव्हता. तेव्हा शोध घराबाहेर न्यावा लागतो.

फारसीत शपथ घेण्याला 'सौगंद खुर्दन' म्हणतात. 'खुर्दन' म्हणजे खाणं आणि 'सौगंद' म्हणजे शपथ. पण 'सौगंद'चा अर्थ मुळात शपथ नव्हता. पारशांच्या धर्मग्रंथांतल्या वेंदिदादमध्ये, अवेस्ता भाषेत, खऱ्याखोट्याचा निवाडा करणाऱ्या उकळत्या पाण्याचा उल्लेख आहे. त्या पाण्याचं वर्णन करणारा शब्द 'सओकेन्त'पासून बनलेला आहे. त्याचा अर्थ गंधक असा लावला जातो. जळणं, पेटणं या अर्थाच्या ज्या धातूशी तो जोडला जातो, तोच संस्कृतात 'शुच्' आहे. गंधकाचं पाणी प्यायचं आणि त्याने अपाय झाला नाही तर माणूस खरा, अशी ही कसोटी. 'सौगंद खुर्दन' या शब्दांत एके काळी काहीच गूढ नव्हतं. घडायचं तेच शब्दांत सांगितलेलं होतं. असं पिणं एकट्या इराणातच होतं असंही नाही. शक लोक करार करताना वारुणीत आपलं रक्त मिसळून पीत, असं हेरोडोटसने इसवीसनापूर्वी पाचव्या शतकात लिहून ठेवलं आहे आणि तुर्की भाषेत आजही शपथ 'पितात'.

पुढे दिव्य बंद झालं, शब्द राहिला. गंधक विसरलं गेलं आणि 'सौगंद'चा अर्थ नुसती शपथ एवढाच उरला. मग अरबीतून 'कसम' आली आणि सौगंदच्या शेजारी बसली. क्रियापद मात्र जुनंच राहिलं: 'कसम खुर्दन'. कसमेचा गंधकाशी काडीचा संबंध नव्हता, तरी तीही खाल्ली जाऊ लागली. वाक्प्रचाराचा अर्थ शब्दांपासून तुटतो तो असा. मागचा व्यवहार संपतो, बोलण्याची सवय टिकते आणि त्या सवयीच्या साच्यात नवे शब्द येऊन बसतात.

ही शपथ मराठीत आणली कुणी? ज्यांना दोन्ही भाषा रोज लागत, त्यांनी. बहमनी राजवट आणि तिच्यामागून आलेल्या निजामशाही, आदिलशाही यांच्या काळात फारसी ही दरबाराची भाषा होती आणि गावपातळीवरचा कारभार मराठीत चाले. वरून आलेल्या कागदाचा मजकूर खाली मराठीत सांगणारे देशपांडे, कुलकर्णी, चिटणीस या दोन्हींच्या मधे बसत. अशा माणसाच्या लेखणीतून परकी भाषा दोन वाटांनी शिरते. एक वाट उघड असते. वकील, अर्ज, जमीन, फिर्याद हे शब्द जसेच्या तसे येतात आणि ओळखूही येतात. दुसऱ्या वाटेने फक्त साचा येतो, शब्द आपलेच वापरले जातात. 'कसम खुर्दन'मधल्या कसमेच्या जागी शपथ आली, खुर्दनच्या जागी खाणं. वरून पाहिलं तर अस्सल मराठी.

या भाषांतरात एक गंमत झाली. फारसीत पाणीही 'खातात'. 'खुर्दन'मध्ये आपलं खाणं आणि पिणं दोन्ही येतं. आपल्याकडे ही दोन वेगळी क्रियापदं आहेत, त्यामुळे एकाची निवड करणं भाग होतं. हिंदी, पंजाबी, गुजराती, मराठी, सगळ्यांनी 'खाणं' निवडलं. 'पिणं' निवडलं असतं तर त्या पाण्याचा काही माग तरी उरला असता. माझ्या मते आपल्याला हा वाक्प्रचार इतका अतार्किक वाटण्याचं खरं कारण या निवडीत आहे. गुजरातीत मात्र 'सोगंद खावा' म्हणतात. तिथे फारसी शब्दही जिवंत आहे, म्हणून आपल्या शेजाऱ्याच्या तोंडून मूळ पत्ता अजून ऐकू येतो.

मराठीवरचा हा छुपा फारसी ठसा पहिल्यांदा नेटाने दाखवून दिला तो इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी. उसने शब्द मोजून ते थांबले नाहीत, आपल्या शब्दांच्या आतले उसने साचेही त्यांनी शोधले. 'हाक मारणं' हे त्यांतलं एक उदाहरण. हाक काही मारायची वस्तू नव्हे, पण फारसीत 'बांग जदन' आहे आणि 'जदन' म्हणजे मारणं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. ते काम मोठंच होतं. पण कोशकाराला दिसतो तो शब्द. ज्यात एकही परका शब्द नाही असा परका वाक्प्रचार कोणत्याही गाळणीतून सुखरूप खाली उतरतो.

प्रवासात अर्थ बदलतो तो कधी कधी फारच. फारसीत 'गम खुर्दन' म्हणजे दुःख करणं, काळजी वाहणं. मराठीत 'जरा गम खा' म्हणजे धीर धर, दमाने घे. दुःख सोसणाऱ्याला धीर लागतो, त्या वळणावरून हा अर्थ सरकला आणि शेवटी दुःख मागे राहून धीरच पुढे आला. फारसी जाणणाऱ्याने मराठी माणसाच्या तोंडचं 'गम खा' ऐकलं तर 'दुःख कर' असा उलटाच सल्ला त्याला ऐकू येईल. शब्द सारखे म्हणून अर्थही सारखा धरला की भाषांतर फसतं ते इथे.

खुर्दनने आपल्याला आणखी एक जिन्नस दिली: '-खोर' हा प्रत्यय. लाचखोर म्हणजे लाच खाणारा. इथे खाणं अजून दिसतं, शिवाय 'लाचखाऊ' हा त्याचा मराठी जुळा भाऊही शेजारी आहे. पण भांडखोर काय खातो? हल्लेखोर, घुसखोर काय खातात? खाण्याचा अर्थ झडून इथे 'वाईट सवयीचा, वाईट कृत्य करणारा' एवढाच अर्थ उरला आणि मराठीने तो आपल्या शब्दांना खुशाल जोडला. याच ऐसपैसपणाने मराठीत माणूस मार खातो, नाव हेलकावे खाते, बुडणारा गटांगळ्या खातो आणि ऐन वेळी एखादा कच खातो. यांतलं प्रत्येक फारसीतून आलं असं मी म्हणणार नाही. सोसणं या अर्थाचं खाणं भाषा स्वतःही घडवू शकते. उसनवारीचा दावा करायचा तर जुन्या मराठीत तो प्रयोग नाही, दुसऱ्या भाषेत तो आधीपासून आहे आणि दोन्ही भाषा बोलणारी माणसं मधे होती, या तिन्ही गोष्टी दिसायला हव्यात. शपथेच्या बाबतीत त्या दिसतात.

आज ही वाहतूक इंग्रजीतून चालते आणि दुभाष्याचं काम वर्तमानपत्रं करतात. 'प्रकाश टाकणं', 'हिमनगाचं टोक' हे असेच साचे. समुद्रात तरंगणारा हिमनग महाराष्ट्रात कुणाच्या दारी येत नाही, पण पाण्याखाली किती दडलंय हे चित्र चटकन कळतं, म्हणून तो रुजला.

मंत्री मात्र शपथ 'घेतात', कधीच 'खात' नाहीत. 'शपथ घेणं' राजभवनाकडे गेलं आणि 'शपथ खाणं' घरात, मैदानावर, भांडणात राहिलं. एकाच अर्थाचे दोन प्रयोग भाषेत आले की त्या अशा वाटण्या करून घेतात.

वाक्प्रचारांच्या जन्मकथा हल्ली मोबाइलवर फार फिरतात आणि बहुतेक रचलेल्या असतात. अशी कथा पुढे पाठवण्याआधी मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' उघडून पाहा. आणि घरात कुणी वडीलधारं 'आण' किंवा 'बेलभंडार' अजून म्हणत असेल तर ते पूर्ण वाक्य, गावाच्या नावासकट, आजच वहीत उतरवून ठेवा.