पदवीवर नावाचं स्पेलिंग चुकलंय? कुलसचिवांना ईमेल पाठवण्याआधी हे तपासा

देगलूर तेलंगण आणि कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे. इथे ‘वार’ने संपणारी आडनावं घरोघरी सापडतात. मराठीत या आडनावांचा काही घोळ नाही. घोळ होतो तो इंग्रजीत. मराठीत ‘व’ एकच, पण इंग्रजीत त्याच्यासाठी v आणि w अशी दोन अक्षरं. म्हणून ‘चिंतावार’ हे आडनाव कुठे Chintawar होतं, तर कुठे Chintavar. ‘शेख’चंही तसंच. महाराष्ट्रात Shaikh जास्त दिसतं, सीमेपलीकडे Shaik.

वाचताना हा फरक कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण नोकरीच्या कागदपत्र पडताळणीत दहावीचं प्रमाणपत्र आणि पदवी शेजारी-शेजारी ठेवून अक्षरं जुळवली जातात, तेव्हा एका अक्षरावरून उमेदवार अडतो. मग घाईघाईने विद्यापीठाला ईमेल जातो, ‘माझ्या नावात चूक आहे, कृपया दुरुस्त करावी.’ एवढ्यावर काम होत नाही, कारण विद्यापीठाला ठरवायचं असतं ते वेगळंच: चूक नेमकी कुणाच्या नोंदीत शिरली?

चूक कुठे शिरली, ते आधी शोधा

दहावीची गुणपत्रिका, पदवीच्या सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र एका ओळीत मांडा. नाव अक्षर-अक्षर लावून वाचा. आईचं आणि वडिलांचं नावही सोडू नका. तीनपैकी एक चित्र दिसेल.

पहिलं चित्र: दहावीपासून शेवटच्या सत्रापर्यंत सगळीकडे नाव बरोबर, फक्त पदवीवर चूक. म्हणजे चूक पदवीसाठी भरलेल्या अर्जात किंवा छपाईच्या वेळी झाली. विद्यापीठाची स्वतःचीच नोंद तुमच्या बाजूने असल्यामुळे हे प्रकरण सगळ्यात सोपं.

दुसरं चित्र: दहावीला नाव बरोबर, पण पदवीच्या गुणपत्रिकांवरही चूक. म्हणजे ती प्रवेशाच्या किंवा परीक्षा अर्जाच्या वेळी शिरली. पदवी छापताना विद्यापीठाने आपल्या नोंदीप्रमाणेच छापली. इथे आधी मूळ नोंद आणि गुणपत्रिका दुरुस्त व्हाव्या लागतात, पदवी त्यानंतर. त्यासाठी महाविद्यालयाच्या प्राचार्यांचं पत्र लागतं, ज्यात प्रवेश नोंदवहीतलं नाव काय आहे ते लिहिलेलं असतं.

तिसरं चित्र: चूक दहावीच्या प्रमाणपत्रावरच आहे. अशा वेळी विद्यापीठाला ईमेल करून उपयोग नाही. आधी शाळेमार्फत राज्य मंडळाच्या लातूर विभागाकडे जावं लागतं, कारण नांदेड जिल्हा त्या विभागात येतो. दहावीची नोंद दुरुस्त झाली की मग विद्यापीठ.

आधार कार्ड का चालत नाही?

बरेच जण ईमेलला फक्त आधार कार्ड किंवा पासपोर्ट जोडतात आणि ‘याप्रमाणे नाव करून द्या’ असं लिहितात. विद्यापीठाच्या दृष्टीने हा स्पेलिंग दुरुस्तीचा अर्ज राहत नाही, तो नाव बदलण्याचा अर्ज वाटतो. पदवीवरचं नाव शैक्षणिक नोंदींवरून येतं, म्हणून पुरावाही शैक्षणिक नोंदींचाच हवा. आधार फक्त ओळख पटवण्यासाठी जोडा.

प्रतिज्ञापत्राचंही तसंच. ‘ही दोन्ही नावं माझीच आहेत’ एवढंच ते सांगतं. पदवीवरचं अक्षर त्याने बदलत नाही. राजपत्रातली नोंद ही नाव बदलल्याची असते. साध्या छपाईच्या चुकीसाठी तिच्यामागे धावण्याआधी विद्यापीठाला विचारा.

ईमेल कुणाला?

देगलूरच्या महाविद्यालयांतून आज मिळणारी पदवी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची असते. हे विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 रोजी सुरू झालं. त्याआधीच्या पदव्या औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाच्या आहेत, ज्याचं नाव आता डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे. आई-वडिलांच्या जुन्या पदवीसाठी लिहीत असाल, तर प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचं नाव आहे ते आधी बघा.

कुलसचिव हे विद्यापीठाच्या अभिलेखांचे रक्षक असतात, म्हणून ईमेल त्यांच्या नावे. पण पदवीचं प्रत्यक्ष काम परीक्षा विभागाकडे असतं. म्हणून त्याच ईमेलची प्रत परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना आणि आपल्या प्राचार्यांना पाठवा. पत्ते विद्यापीठाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या.

नमुना

समजा, पहिल्या चित्रातलं प्रकरण आहे. दहावीपासून सगळीकडे Chintawar आणि फक्त पदवीवर Chintavar. ईमेल असा लिहिता येईल:

> विषय: पदवी प्रमाणपत्रावरील आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दुरुस्ती, पीआरएन ______
>
> मा. कुलसचिव,
> स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड
>
> महोदय/महोदया,
>
> मी ______ महाविद्यालय, देगलूर येथून ______ (सत्र व वर्ष) परीक्षेत बी.ए. उत्तीर्ण झाले. माझ्या पदवी प्रमाणपत्रावर (क्रमांक ______) आडनाव पुढीलप्रमाणे छापले आहे.
>
> छापलेले: Chintavar
> बरोबर: Chintawar (सातवे अक्षर v ऐवजी w)
>
> दहावीच्या प्रमाणपत्रावर आणि विद्यापीठाच्या सहाही सत्रांच्या गुणपत्रिकांवर Chintawar असेच आहे. मराठीतील नाव बरोबर आहे. इतर कोणताही बदल नको आहे.
>
> दुरुस्त प्रमाणपत्रासाठी विहित अर्ज, शुल्क आणि मूळ प्रमाणपत्र कुठे व कसे जमा करावे, ते कृपया कळवावे. डिजिलॉकरमधील नोंदही दुरुस्त व्हावी, ही विनंती.
>
> सोबत: एकत्रित पीडीएफ (पदवी, दहावी प्रमाणपत्र, गुणपत्रिका, ओळखपत्र)
>
> आपली विश्वासू,
> पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक

यातली ‘सातवे अक्षर’ ही ओळ महत्त्वाची. v आणि w पटकन वाचताना सारखेच वाटतात. कितवं अक्षर ते सांगितलं नाही, तर दुरुस्त होऊन आलेल्या प्रमाणपत्रातही तीच चूक राहू शकते. ‘इतर कोणताही बदल नको’ हे वाक्य हा नावबदल नाही, हे स्पष्ट करतं. पण ते लिहिण्याआधी पदवीवरचं मराठी नाव, विषय आणि श्रेणीही तपासून घ्या. नंतर दुसरी चूक सापडली, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

पाठवल्यानंतर

फक्त ईमेलवर नवी पदवी येत नाही. विहित अर्ज भरून मूळ प्रमाणपत्र परत करावं लागतं. ते देण्याआधी दोन्ही बाजूंची स्वच्छ स्कॅन प्रत ठेवा आणि जमा केल्याची पोच घ्या. या काळात मुलाखत किंवा पडताळणी येणार असेल, तर मूळ प्रत कधी द्यायची ते तारखा बघून ठरवा. पेनने अक्षर गिरवून दुरुस्ती करू नका. खाडाखोड दिसली की प्रमाणपत्रच संशयास्पद ठरतं.

उत्तर आलं नाही, तर नवा ईमेल लिहू नका. त्याच ईमेलला उत्तर देऊन स्मरण द्या, म्हणजे पहिली तारीख आणि जोडलेली कागदपत्रं एकत्र राहतात. तरीही हालचाल नसेल, तर त्याचीच छापील प्रत विष्णुपुरीला विद्यापीठाच्या आवक-जावक कक्षात द्या आणि आवक क्रमांक घ्या. पुढच्या वेळी चौकशी करताना नाव सांगण्याआधी तो क्रमांक सांगा. फाइल त्यावरून सापडते, आणि तुमच्या बाबतीत तर नावातच घोळ आहे.