गेल्या दिवाळीचे मेसेज, या दिवाळीला शून्य

समजा, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पैठणमधला एक टेलर. २०२५चा दसरा झाल्यावर, ८ ऑक्टोबरला त्यानं शहरातल्या एका एजन्सीकडून ५,००० मेसेजचं वर्षभराचं पॅक घेतलं. दिवाळीच्या गर्दीत मशीनवरून उठायला वेळ मिळाला नाही, मग लग्नसराई आली. मेसेज तसेच पडून राहिले. पुढच्या दिवाळीत शिलाईवर सवलत देऊ, तेव्हा सगळ्या गिऱ्हाइकांना एकदम कळवू, असा त्याचा हिशेब. २०२६च्या दसऱ्याच्या तोंडावर तो पॅनेल उघडतो, तर शिल्लक शून्य.

‘वर्षाची मुदत म्हणजे एक दिवाळी ते दुसरी दिवाळी’ हा इथला पहिला गैरसमज, आणि सर्वांत महागात पडणारा. पॅकचं वर्ष इंग्रजी कॅलेंडरचं, ३६५ दिवसांचं. सण मात्र पंचांगावर चालतात. २०२५चं लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यानं ते ८ नोव्हेंबरला येतं. मधलं अंतर ३८३ दिवसांचं! दसराही २ ऑक्टोबरवरून २० ऑक्टोबरला सरकतो. म्हणून ८ ऑक्टोबरचं पॅक दसऱ्याच्या बारा दिवस आधीच संपलं. अधिक श्रावणाच्या २०२३मध्येही असंच झालं होतं: २४ ऑक्टोबर २०२२नंतरचं लक्ष्मीपूजन थेट १२ नोव्हेंबरला आलं. अधिक महिना नसलेल्या वर्षी उलट घडतं. २०२७चं लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला, म्हणजे आदल्या वर्षापेक्षा दहा दिवस लवकर येतं. तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या आदल्या आठवड्यात घेतलेलं वर्षाचं पॅक पुढच्या लक्ष्मीपूजनापर्यंत पुरतं.

‘वापरायला सुरुवात केली की मुदत सुरू होते’ असंही अनेकांना वाटतं. साधारणपणे क्रेडिट खात्यावर जमा होतं त्या दिवसापासूनच दिवस मोजले जातात, एकही मेसेज गेलेला नसला तरी. नवं पॅक टाकलं तर जुन्या शिलकीची मुदत वाढेल की नाही, हे ज्याच्या-त्याच्या अटींवर असतं. पैसे देण्याआधी हा एकच प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्यावं, शेवटची तारीख बिलावर लिहून घ्यावी. तोंडी ‘होईल ना दादा’ला नंतर काही किंमत राहत नाही.

मुदत ट्रायनं ठरवलेली असते, हाही समज चुकीचा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८चे नियम व्यावसायिक मेसेज कोणी, कोणाला, कोणत्या नोंदणीनं पाठवायचे हे ठरवतात. एजन्सीनं विकलेल्या क्रेडिटची मुदत हा विकणारा आणि घेणारा यांच्यातला करार असतो.

आता ‘५,००० क्रेडिट म्हणजे ५,००० गिऱ्हाइकं’ हे गणित. इंग्रजी अक्षरांत एका मेसेजला १६० जागा मिळतात, देवनागरीत फक्त ७०. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. ‘दिवाळीसाठी कपडे शिवायला माप देण्याची शेवटची तारीख २५ ऑक्टोबर.’ या साध्या वाक्याला पूर्णविरामासह ६१ जागा लागतात. त्यापुढे एक मोकळी जागा आणि दहा आकडी फोन नंबर टाकला की ७२. सत्तरची मर्यादा ओलांडली, की मेसेजचे दोन तुकडे होतात आणि दोन क्रेडिट जातात. ५,०००मध्ये मग २,५०० गिऱ्हाइकंच बसतात. याच वाक्यातला ‘कपडे’ हा शब्द आणि त्याच्यापुढची मोकळी जागा काढली तर पाच जागा वाचतात, ६७ होतात आणि सगळं एका क्रेडिटमध्ये मावतं. टेलरच्या मेसेजात ‘शिवायला’ म्हटल्यावर कपडे वेगळे सांगावे लागत नाहीत.

मुदत संपायला दोन दिवस राहिलेत, तर पटकन काहीतरी पाठवून टाकू, असा विचार येणं साहजिक आहे. पण ते जमत नाही. मोबाईल कंपन्यांच्या डीएलटी यंत्रणेवर दुकानाची, मेसेज ज्या नावानं जातो त्या हेडरची आणि मजकुराच्या साच्याची आधी नोंदणी व्हावी लागते. मजकूर मंजूर साच्याशी जुळला नाही तर मेसेज वाटेतच अडतो. डीएनडी घेतलेल्या गिऱ्हाइकाकडे त्याच्या संमतीशिवाय जाहिरातीचा मेसेज पोचत नाही, ते वेगळंच. आयत्या वेळी नवा साचा मंजूर होईलच याची खात्री नसते.

म्हणून साच्याचं काम श्रावणातच उरकावं. दरवर्षी बदलणारी तारीख थेट न लिहिता तिच्या जागी बदलता येणारी रिकामी जागा ठेवावी, म्हणजे पुढच्या वर्षी फक्त तारीख बदलायची, मंजुरी नव्यानं नको. क्रेडिट मात्र नंतर घ्यावं, माप घ्यायची शेवटची तारीख पक्की झाल्यावर आणि वहीतली गिऱ्हाइकं मोजून. ६०० नंबर असतील आणि मजकूर एका क्रेडिटचा असेल, तर दोनदा पाठवायला १,२०० पुरतात. मोठं पॅक प्रति मेसेज स्वस्त दिसतं, पण ५,०००पैकी १,२००च वापरले तर उरलेल्या ३,८००चेही पैसे त्या १,२०० मेसेजवरच चढतात.