वास भिंतीचा नसतो, दाराचा असतो

दिवाळी जवळ आली की घराघरांत रंगाचे डबे येतात. कुणाकडे लेक बाळंतपणाला माहेरी येणार असते, म्हणून तिची खोली आधी रंगवून घेतात. मग खोली चकचकीत होते, पण आत गेलं की डोकं धरतं, डोळे चुरचुरतात. पोटुशी लेक, तान्हं बाळ, दम्याची सासू यांना तिथे कधी झोपवायचं, हा प्रश्न पडतो. आज त्याच प्रश्नाचा हिशोब मांडूया.

आधी वास कुठून येतो ते पाहू. आपण म्हणतो, भिंती रंगवल्या म्हणून वास येतोय. पण आजकाल भिंतींना लागतो तो डिस्टेंपर किंवा इमल्शन, आणि हे दोन्ही पाण्यात कालवतात. ते वाळतात म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. त्यांचा वास असतो, पण थोडा, आणि वारा मिळाला तर दोन-तीन दिवसांत बराच उतरतो.

डोकं धरणारा वास बहुतेक वेळा दार, खिडकी, गज आणि कपाटाचा असतो. तिथे ऑईल पेंट लागतो. त्याच्या एका लिटरात साधारण ३०० ते ४०० ग्रॅम उडून जाणारं द्रव्य असतं, आणि रंगारी वरून टर्पेंटाईन घालतो ते वेगळं. हे सगळं खोलीच्या हवेत जातं. शिवाय टर्पेंटाईन उडालं म्हणजे काम संपलं असंही नाही. ऑईल पेंटमधलं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं, आणि होता होता वास सोडत राहतं. म्हणून दार हाताला कोरडं लागलं तरी खोली आठवडाभर, कधी त्याहून जास्त दिवस वास मारते.

म्हणजे निवड करायची ती दाराच्या रंगाची. वॉटर बेस इनॅमल नावाचा रंग मिळतो. तो लाकडावर आणि लोखंडावर चालतो, चकाकीही देतो, आणि पाण्यात कालवतात. ऑईल पेंटपेक्षा थोडा महाग पडतो, पण एका खोलीच्या दार-खिडकीला रंग लागतो तरी किती? दहा बाय दहाच्या खोलीत भिंती आणि छत मिळून दोन हातांना साधारण चार लिटर इमल्शन लागतं. दार, चौकट, खिडकी आणि गज यांना एक लिटर इनॅमल बहुधा पुरतं. जास्तीचे पैसे द्यायचे ते या एका लिटराचे.

दुकानात डबा ओळखायचा कसा? डब्यावर पातळ कशाने करायचं ते लिहिलेलं असतं. तिथे पाणी लिहिलं असेल तर तो आपला डबा. टर्पेंटाईन, थिनर किंवा एमटीओ लिहिलं असेल तर तो ऑईलचा. इंग्रजी वाचता येत नसेल तर दुकानदाराला एवढंच विचारा, "ब्रश कशाने धुवायचा?" पाण्याने म्हणाला तर घ्या. लो व्हीओसी असं लिहिलेलं असेल तर आणखी बरं, कारण त्याचा अर्थ उडून जाणारं द्रव्य कमी. नुसतं कमी वासाचा असं लिहिलेलं पुरेसं नाही, कारण वास झाकायला सुगंधही घालता येतो. आणि शिसं नाही असं लिहिलं असेल तर ते चांगलंच, पण त्याचा वासाशी संबंध नाही.

प्रायमरकडेही लक्ष द्या. रंग पाण्याचा आणला आणि रंगाऱ्याने खाली ऑईलचा लाकडी प्रायमर मारला, तर पैसे वाया. प्रायमरही पाण्याचाच घ्या. गंजलेल्या गजांना मात्र रेड ऑक्साइड लागतो आणि तो ऑईलचा असतो. म्हणून गजांचं काम सगळ्यांत आधी, दोन-तीन आठवडे अगोदर उरकून घ्या. कपाटाची दारं निघत असतील तर ती अंगणात नेऊन रंगवा आणि वाळल्यावरच आत आणा.

इथे एक गोष्ट बिघडते. जुन्या ऑईल पेंटवर पाण्याचा रंग तसाच मारला तर तो धरत नाही, नखाने पापुद्रा निघतो. आधी पॉलिश पेपरने घासून चकाकी घालवावी लागते. पण कोरडं घासू नका. घरगुती रंगात शिसं दर दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्या देशात २०१७ साली लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं, आणि त्याची धूळ पोटातल्या बाळाला व लहान मुलांना वाईट. पाणी लावून घासा, ओल्या फडक्याने पुसून घ्या, झाडू मारू नका. गरोदर बाईने आणि मुलांनी त्या वेळी तिथे थांबूच नये.

आता दिवस मोजू. समजा लेक महिन्याच्या २० तारखेला येणार. गज १ तारखेलाच उरकले. ३ ला घासणं आणि पुसणं, ४ ला प्रायमर, ५ आणि ६ ला रंगाचे दोन हात. पाण्याच्या रंगात दोन हातांमध्ये चार-सहा तास पुरतात, पण पावसाळी हवेत एक दिवस जाऊ द्या. ७ तारखेपासून दार-खिडक्या दिवसभर उघड्या ठेवा. टेबलफॅन असेल तर त्याचं तोंड खिडकीकडे करा, म्हणजे आतली हवा बाहेर जाईल. धडधाकट माणूस तिथे तीन-चार दिवसांनी झोपू शकतो. गरोदर बाई, बाळ आणि दमेकरी यांच्यासाठी दोन आठवडे धरा. २० तारखेपर्यंत ते जवळजवळ भरतात. हेच दार ऑईल पेंटचं असतं तर महिना हाती ठेवावा लागला असता.

खोली तयार झाली का, हे तारखेवरून ठरवू नका. संध्याकाळी दार-खिडक्या लावून घ्या. सकाळी शेजारणीला बोलवा आणि दार उघडून आधी तिला आत जाऊ द्या. आपलं नाक सरावलेलं असतं, तिचं नसतं. तिला वास आला तर आणखी चार दिवस थांबा. कांदा कापून ठेवणं, कापूर, उदबत्ती यांनी रंगाची वाफ जात नाही. उलट उदबत्तीचा धूर वाढतो, आणि ताज्या टर्पेंटाईनजवळ जाळ नेणं धोक्याचं. वाफ घालवतो तो वाराच.

आणि नव्या खोलीत झोपून कुणाचं डोकं दुखलं, मळमळलं किंवा धाप लागली, तर त्या रात्री अंथरूण दुसरीकडे घाला. धाप थांबली नाही तर दवाखान्यात न्या. ज्यांच्या घरी यंदा रंगकाम आहे त्यांनी रंगारी दादांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, आमच्या दाराला टर्पेंटाईन लागणार नाही.