फोटोतला स्नीकर वाचताना

नायकीचा पांढरा ‘एअर फोर्स १’ फोटोत पाहताक्षणी ओळखू येतो, पण त्याचा प्रकार सांगायची वेळ आली की माणसं अडखळतात. कुणी त्याला लो-टॉप म्हणतं, कुणी कोर्ट शू, तर त्याच्या जाड पांढऱ्या तळाकडे बघून कुणी सरळ चंकी म्हणून मोकळं होतं. तिघंही एकाच फोटोकडे पाहत असतात. घोळ पाहणाऱ्याच्या नजरेत नसून प्रकारांच्या नावांत आहे. लो-टॉप आणि हाय-टॉप ही नावं बूट घोट्यापाशी कुठवर चढतो ते सांगतात. चंकी हे नाव तळाच्या आकारमानाचं आहे. कोर्ट हे नाव बुटाच्या घराण्याचं, म्हणजे तो कोणत्या खेळासाठी घडला याचं. एकच बूट कोर्टही असू शकतो आणि लो-टॉपही. म्हणून फोटो हाती आला की ‘चारांपैकी कोणता?’ असं न विचारता तीन वेगळे प्रश्न विचारावेत: काठ कुठे आहे, तळ कसा बनला आहे आणि जमिनीवर तो कसा टेकला आहे.

त्याआधी अंगांची ओळख हवी. पायाला झाकणारं सगळं वरचं आवरण म्हणजे अप्पर. त्यात बोटांवरचा भाग टो-बॉक्स, लेसच्या भोकांची पट्टी आयस्टे, तिच्याखालून वर येणारी जीभ, पाय आत घालायच्या तोंडाचा गादीदार काठ म्हणजे कॉलर, आणि टाचेला मागून धरणारा कडक भाग म्हणजे हील काउंटर. अप्परच्या खाली मिडसोल, म्हणजे धक्का सोसणारा थर, आणि त्याखाली जमिनीला लागणारा आउटसोल. बाजूने काढलेल्या फोटोत यातलं बहुतेक दिसतं. आउटसोलची नक्षी तेवढी दिसत नाही, आणि तीच पुढे आपल्याला हवी असते.

काठाचा प्रश्न वरवर सोपा वाटतो. कॉलर घोट्याच्या हाडाखाली राहिली तर लो-टॉप, हाड झाकून वर गेली तर हाय-टॉप. मधल्याला मिड म्हणतात. पण विक्रीच्या फोटोत बुटात पाय नसतो, मग घोटा शोधायचा कुठे? अशा वेळी आयस्टेच्या वरच्या टोकाकडे पाहावं. लो-टॉपमध्ये काठाची रेषा तिथून मागे जाताना खाली उतरते आणि टाचेपाशी जराशी उचलते. हाय-टॉपमध्ये आयस्टे स्वतःच नडगीच्या दिशेने वर चढत जातो आणि रेषेला ती खोलगट उतरण नसते. हाय आणि मिड यांत शंका आली की लेसची भोकं मोजावीत. ‘एअर जॉर्डन १’ १९८५ साली बाजारात आला. त्याच्या हायमध्ये एका बाजूला नऊ भोकं असतात, मिडमध्ये आठ. मोजायची ती भोकं, लेस नव्हे, कारण वरची एकदोन भोकं मोकळी सोडून लेस बांधायची पद्धत सर्रास आहे.

इथे शरीराची एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. आपल्या पायाचं बाहेरचं घोट्याचं हाड आतल्या हाडापेक्षा खाली असतं. ते घासू नये म्हणून लो-टॉपची कॉलर बाहेरच्या बाजूला जास्त खोल कापतात. तोच बूट आतल्या बाजूने टिपला की काठ थोडा उंच भासतो. फोटोतली बाजू कोणती, हे पायावरून ठरतं: बुटाचं नाक डावीकडे असेल आणि बाहेरची बाजू दिसत असेल तर तो डावा बूट, नाक डावीकडेच पण आतली बाजू दिसत असेल तर तो उजवा. कॉन्व्हर्सच्या हाय-टॉप ‘ऑल स्टार’वर ही परीक्षा सहज करता येते, कारण त्याचा ताऱ्याचा गोल बिल्ला घोट्याच्या आतल्या बाजूला असतो. म्हणजे बिल्ला दिसतोय आणि नाक डावीकडे आहे, तर समोर उजवा बूट आहे. हा बूट १९१७ साली बास्केटबॉलसाठी निघाला. तेव्हा उंच कापडाने घोट्याला आधार मिळतो असं मानलं जाई.

तळ कसा बनला, हे सांगणारी खूण माझ्या मते सगळ्यात बोलकी, आणि तिच्याकडेच कमी लोक पाहतात. ‘ऑल स्टार’, व्हॅन्सचे बूट, आणि आपल्याकडे १९३० च्या दशकापासून शाळेच्या पीटीच्या तासाला घातले जाणारे बाटाचे पांढरे कॅनव्हास बूट, हे सगळे व्हल्कनाइज्ड. कच्च्या रबराचा तळ कापडाच्या अप्परला चिकटवतात, दोघांच्या सांध्यावरून रबराची पट्टी फिरवतात आणि अख्खा बूट भट्टीत तापवतात. उष्णतेने आणि गंधकाने रबर पक्कं होतं आणि सांधा एकजीव होतो. त्या पट्टीला कारागीर फॉक्सिंग म्हणतात. साडीच्या काठासारखी ती बुटाभोवती फिरते. एका ठिकाणी तिचं एक टोक दुसऱ्यावर चढवलेलं असतं. हा जोड अनेकदा आतल्या बाजूला किंवा टाचेच्या रबरी लेबलाखाली सापडतो. फोटोत तळाची बाजू सपाट, बारीक उंचीची, शिलाई नसलेली आणि एखाद्या रंगीत रेषेची दिसली, तर बूट बहुधा व्हल्कनाइज्ड आहे.

दुसरी रीत कपसोलची. तळ साच्यात वाटीसारखा आधीच ओततात, अप्पर त्यात बसवून चिकटवतात आणि वाटीच्या कडेतून आरपार टाके घालतात. कडेच्या वरच्या अंगाला, टोकापासून टाचेपर्यंत, एका ओळीत धाग्याचे टाके दिसले की तो कपसोल. जुन्या वापरलेल्या बुटाच्या फोटोत हे टाके मळाने काळे होतात, त्यामुळे उलट ठळक दिसतात. आदिदासचा ‘सुपरस्टार’ आणि ‘स्टॅन स्मिथ’ आणि आपला ‘एअर फोर्स १’ हे सगळे कपसोल. नकली माल तपासणारे इथे थांबतात ते उगीच नाही. स्वस्त नकलेत टाके कधी नुसते ओतीव रेघोट्या असतात, आणि फोटो मोठा करून पाहिला की धाग्याची जाडी आणि सुईचं भोक नसल्याचं कळतं.

कोर्ट शूची घडण खेळाच्या गरजेतून आली. टेनिस, बॅडमिंटन, बास्केटबॉल यांत खेळाडू सरळ रेषेत कमी पळतो आणि आडवा जास्त झेपावतो. पाय कडेला मुरगळू नये म्हणून पाऊल जमिनीच्या जवळ हवं आणि तळ रुंद आणि घट्ट हवा. तळ मऊ आणि उंच झाला की घोट्यावरचा पीळ वाढतो. म्हणून जातिवंत कोर्ट शूची खालची रेषा टाचेपासून चवड्यापर्यंत जमिनीला टेकलेली असते. धावण्याच्या बुटाचं तसं नसतं: टाच उंच, आणि पाऊल पुढे गडगडावं म्हणून नाक वर उचललेलं. फोटोत नाकाखालचा मोकळा त्रिकोण पाहावा. तो मोठा असेल तर घराणं धावण्याचं. तळाचा फोटो मिळाला तर आणखी बरं. टेनिसच्या तळावर नागमोडी रेघांची नक्षी असते, तर ‘एअर फोर्स १’च्या चवड्याखाली एकात एक वर्तुळं असतात. एका पायावर गर्रकन वळताना पकड सुटू नये, ही सोय डिझायनर ब्रूस किलगोर यांनी १९८२ साली केली. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये लाकडावर डाग न पाडणारा नॉन-मार्किंग तळ मागतात, आणि तो पुष्कळदा मधाच्या रंगाच्या गम रबराचा असतो. मात्र नुसत्या रंगावर विसंबू नये. हाच रंग आता फिरायला जायच्या बुटांनाही हौसेने देतात.

राहिला चंकी. इथे सगळ्यात मोठी गफलत म्हणजे जाड तळ म्हणजे चंकी, ही समजूत. कॅनव्हास बुटाला टाचेपासून टोकापर्यंत सारख्या जाडीची पाटी लावली की तो प्लॅटफॉर्म होतो. त्याची कड तरीही सरळ उभी आणि सपाट राहते. चंकीचा तळ थरांचा असतो. तो अप्परच्या बाहेर फुगतो आणि टाचेमागे शेपटीसारखा निघतो. १९९६ चा फिलाचा ‘डिसरप्टर’ करवतीच्या दात्यांसारख्या तळाने ओळखावा. २०१७ सालच्या बालेन्सियागाच्या ‘ट्रिपल एस’मध्ये तर धावण्याच्या, बास्केटबॉलच्या आणि ट्रॅकच्या बुटांचे तीन तळ एकावर एक रचले आहेत. अप्परही तसाच, जाळी आणि चामड्याचे तुकडे थरावर थर. चंकी ओळखायला बाजूचा फोटो पुरत नाही, मागचा लागतो. मागून पाहताना तळ टाचेपेक्षा दोन्ही बाजूंना बाहेर आला असेल तर शंका उरत नाही. बाजूच्या फोटोवरच भागवायचं असेल तर माझा ठोकताळा असा: टाचेपाशी तळाची उंची आणि त्यावरच्या अप्परची उंची ताडून पाहावी. तळ निम्म्याच्या आसपास असेल तर साधा, अप्परच्या बरोबरीला आला तर चंकी.

हा ठोकताळा कॅमेरा बिघडवू शकतो. फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते. हातभर अंतरावरून बुटाच्या नाकापाशी धरली की नाक फुगतं, टाच बारीक होते, आणि जमिनीलगत धरली की तळच तेवढा मोठा दिसतो. जोडीतला पुढचा बूट मागच्याहून फार मोठा दिसत असेल तर फोटो जवळून काढलेला आहे, आणि त्यातल्या उंचीच्या तुलना सोडून द्याव्यात. टाके, जोड, भोकांची संख्या यांना मात्र लेन्सचा उपद्रव होत नाही. स्वतः फोटो काढताना दोन-तीन पावलं मागे सरून झूम करावं आणि फोन बुटाच्या उंचीला आणावा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर सावली पुसून टाकलेल्या जाहिरातींत फुगलेला तळही सपाट वाटतो, कारण कडेखाली पडणारी सावलीच नसते.

आता सुरुवातीचा ‘एअर फोर्स १’ घेऊ. समजा, फोन जमिनीवर टेकवून फोटो काढला आहे, नाक तिरपं आपल्याकडे, तळ भिंतीसारखा. पहिल्या नजरेत चंकीच. पण तळाची कड एकसंध आणि उभी आहे, थर नाहीत. वरच्या अंगाला सलग टाके आहेत, म्हणजे कपसोल. टाचेकडे कडेवर ‘एअर’ ही अक्षरं आहेत. हवेची पिशवी आतच दडलेली आहे, आणि तळ जाड दिसण्याचं एक कारण तीच. नाकाखाली मोठा त्रिकोण नाही. टो-बॉक्सवर हवेसाठी भोकं आहेत. घराणं कोर्टचं, बास्केटबॉलचं. आयस्टेनंतर काठ खाली उतरतो आणि हायला असतो तो घोट्याचा पट्टा इथे नाही, म्हणजे लो-टॉप. थोडक्यात, कोर्ट घराण्यातला लो-टॉप, कपसोलचा, चंकी नव्हे.

हाच बूट कुणी घातला असेल आणि सैल जीन्सचा पायचा लेसवर पडला असेल, तर तळ आणि टाके वाचता येतात, पण कॉलर दिसत नाही. लो की हाय याचं उत्तर अशा फोटोत नसतंच. तिथे घराण्यापुरतंच लिहावं आणि उंचीची जागा कोरी ठेवावी.