वहीचा अर्थसंकल्प

पुण्याच्या बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौकात वह्यांची मागणी जूनमध्ये उसळते, म्हणून वह्या बनवणाऱ्या लहान कारखान्याचा अर्थसंकल्प विक्रीच्या अंदाजापासून मागे मांडावा लागतो. समजा, विक्री 20,000 वह्यांची, शिल्लक 2,000 आणि हंगामाअखेर हव्यात 1,000. तर उत्पादन 19,000 ठरते. वहीत 200 ग्रॅम कागद धरल्यास 3,800 किलो लागतो, परंतु खरेदीतला 5 टक्के कागद कातरणीत जात असल्याने खरेदी 4,000 किलोंची करावी लागते. ही घट हमखास विसरली जाते. खरेदी ठरली की प्रश्न उरतो रोकडीचा. कागद व माल महिनाभर पडून राहिला, दुकानदाराने दोन महिन्यांनी पैसे दिले आणि कागदवाल्याने महिन्याची उधारी दिली, तर उरलेल्या दोन महिन्यांसाठी गुंतणारी रक्कम म्हणजे खेळते भांडवल. नफा दिसत असूनही मजुरीला रोकड कमी पडते, ती येथेच.