फोटोतली बॉडी आणि आतलं शटर

पश्चिम आणि मध्य रेल्वे जिथे भेटतात, ते दादर वापरलेल्या वस्तूंच्या देवघेवीला सोयीचं पडतं. बोरिवलीचा विकणारा आणि डोंबिवलीचा घेणारा, दोघंही इथे सरळ गाडीने पोहोचतात. कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र निम्मा निर्णय त्याआधीच, मोबाइलवर आलेल्या फोटोंवरून घेतलेला असतो. हे फोटो नेमकं काय सांगू शकतात आणि काय नाही, ते एका उदाहरणातून पाहू.

लग्नाचं छायाचित्रण करणाऱ्यांचा आवडता निकॉन डी७५० घेऊ. हा फुलफ्रेम डीएसएलआर २०१४ मध्ये आला. समजा, जाहिरातीत नुसतं ‘निकॉन फुलफ्रेम’ लिहिलंय आणि मॉडेलच्या आकड्यावर पट्टा आलाय. अशा वेळी तीन खुणा शोधायच्या. बॉडीवर एफएक्सचं चिन्ह असेल तर सेन्सर फुलफ्रेम आहे, म्हणजे साधारण तसाच दिसणारा डी७५०० बाद झाला. मागचा स्क्रीन बाहेर ओढून तिरपा होत असेल तर डी६१० बाद, कारण त्याचा स्क्रीन घट्ट बसवलेला असतो. व्ह्यूफाइंडरच्या वर उघडणारा फ्लॅश असेल तर २०२० चा डी७८० बाद, कारण त्यात तो नाही. तिन्ही खुणा जुळल्या की तो डी७५०. त्यासाठी पुढचा, मागचा आणि वरचा असे तीन फोटो मागावेत.

याच फोटोंत वापराच्या खुणाही असतात. वरच्या हॉटशूचा रंग उडून धातू उघडा पडला असेल, तर बाहेरचा फ्लॅश वारंवार चढला-उतरलाय. म्हणजे कॅमेरा बहुधा समारंभांत राबलाय. अंगठ्याखालचं रबर सुटलेलं किंवा फुगलेलं असेल, तर घाम आणि हाताळणी भरपूर झाली आहे. स्क्रूंवर गंज असेल, तर ओलावा लागलाय. समुद्राकाठच्या शहरात ही खूण हलक्यात घेऊ नये. पण रबर नवं बसवता येतं आणि बॉडी पुसून चकचकीत करता येते. झिजणारा मुख्य भाग, म्हणजे शटर, बाहेरून दिसतच नाही.

शटरमध्ये पातळ पात्यांचे दोन पडदे असतात. पहिला सेन्सर उघडतो, दुसरा झाकतो. वेग खूप वाढवला की पहिला पूर्ण उघडण्याआधीच दुसरा निघतो आणि सेन्सरवरून प्रकाशाची फक्त एक अरुंद फट सरकते. डी७५० चं शटर दीड लाख वेळा उघडझाप करून तपासलेलं आहे. त्यानंतर ते लगेच बंद पडेल असं नाही, तसंच त्याआधी बिघडणार नाही अशी हमीही नाही.

एका लग्नात अडीच हजार फ्रेम धरल्या, तर चाळीस लग्नांत लाखाचा आकडा गाठला जातो. विकणारा ‘फक्त चार हजार फोटो’ म्हणत DSC_4312 ही फाइल दाखवतो, तेव्हा नाव हा पुरावा नव्हे. ९९९९ नंतर क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा १४,३११ किंवा १,०४,३०२ही असू शकतो. खरा आकडा फाइलच्या आत लिहिलेला असतो. तेव्हा आजच काढलेली मूळ फाइल मागवावी. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवली तर ही माहिती पुसली जाते, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावं. मग संगणकावर एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅममध्ये ही आज्ञा द्यावी:

```
exiftool -Model -SerialNumber -ShutterCount DSC_4312.JPG
```

मॉडेल, सिरियल नंबर आणि शटरचा आकडा, तिन्ही एकदम मिळतात. हा सिरियल नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळला नाही, तर फाइल दुसऱ्याच कॅमेऱ्याची आहे. ही सोय निकॉनच्या डीएसएलआरमध्ये आहे. कॅननच्या बहुतेक डीएसएलआरच्या फोटोंत हा आकडा नसतो. शिवाय शटर बदललेलं असेल तर मोजणी नव्याने सुरू झालेली असू शकते. म्हणून दुरुस्तीची पावती मागावी.

डी७५० घेताना सिरियल नंबरचं आणखी एक काम आहे. काही बॉडींच्या शटरमधल्या दोषामुळे फोटोचा काही भाग काळवंडतो, असं निकॉनने २०१५ मध्ये जाहीर केलं आणि पुढे २०१६ व २०१७ मध्ये आणखी बॉडी त्या यादीत घेतल्या. आपली बॉडी त्यात येते का, हे निकॉनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून पाहता येतं.

प्रत्यक्ष भेट स्टेशनच्या पुलावर न ठेवता दिवसा शिवाजी पार्कवर ठेवावी, कारण तिथे मोकळं आकाश मिळतं. वेग १/४००० सेकंद ठेवून आकाशाचे वीस-पंचवीस फोटो सलग काढावेत. फट सर्वांत अरुंद असताना एखादा पडदा जरा जरी मागेपुढे झाला, तरी फोटोच्या वरच्या किंवा खालच्या कडेला काळा पट्टा येतो. तो एखाद्याच फ्रेममध्ये येऊ शकतो, म्हणून सगळे फोटो पाहावेत. मग अ‍ॅपर्चर एफ/१६ करून आणखी काही फोटो काढावेत. प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसणारे काळे ठिपके ही सेन्सरवरची धूळ असते. ती साफ होते, त्यामुळे तेवढ्यासाठी सौदा मोडू नये, सफाईचा खर्च किमतीतून वजा करावा. काळा पट्टा दिसला, तर मात्र नव्या शटरचा खर्च सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.