वजन सारखं, कुपोषण वेगळं

तीन वर्षांचे दोन मुलगे घ्या. दोघांचंही वजन १०.४ किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलग्याचं मध्यक वजन १४.३ किलो आहे, म्हणजे दोघंही ७३ टक्क्यांवर. वयानुसार वजन पाहणाऱ्या गोमेझ वर्गीकरणात दोघंही दुसऱ्या श्रेणीत बसतात. त्यावरून दोघांचं कुपोषण एकाच जातीचं ठरवणं हा पहिला गैरसमज.

आता उंची मोजा. पहिला ८५ सेंटीमीटर, दुसरा ९५. तीन वर्षांच्या मुलग्याची मध्यक उंची ९६.१, त्यामुळे पहिला वयाच्या मानाने ८८ टक्के आणि दुसरा ९९ टक्के उंच. पुढे वय बाजूला ठेवून उंचीनुसार वजन पाहायचं. ८५ सेंटीमीटरच्या मुलाचं मध्यक वजन ११.७ किलो आहे, तेव्हा पहिला ८९ टक्क्यांवर. ९५ सेंटीमीटरला ते साधारण १४ किलो, म्हणून दुसरा जेमतेम ७४ टक्क्यांवर. पहिला खुजा आहे, त्याची वाढ बरेच महिने मागे पडत गेली. दुसऱ्याची उंची शाबूत आहे, पण अंगावरचं मांस उतरलंय, आणि हे बहुधा अलीकडचं. उपचाराची घाई त्याला आहे. जॉन वॉटरलो यांनी १९७२ मध्ये हे दोन निकष वेगळे केले ते यासाठीच.

या आकड्यांवर एक हमखास प्रश्न येतो: पहिल्याची उंची ८८ आणि वजन ८९ टक्के, मग दोन्ही सारखंच ना? नाही. निरोगी मुलांच्या उंचीत फरक थोडा असतो, वजनात बराच. म्हणून उंचीला ९० टक्क्यांखाली खुजेपणा धरतात, तर वजनाला ८० खाली रोडावणं आणि ७० खाली ते तीव्र. शंभर टक्के ही उत्तीर्ण होण्याची रेघही नव्हे. मध्यक म्हणजे मधला आकडा, सुमारे निम्मी निरोगी मुलं त्याखालीच असतात.

जास्त महागात पडणारा समज मात्र वेगळा आहे. ७० टक्के आणि 'उणे तीन प्रमाण विचलन' एकच, असं अजूनही गृहीत धरलं जातं. जुन्या संदर्भ तक्त्यांवर ते ढोबळमानाने जुळत होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यांत उणे तीनची रेघ मध्यकाच्या जवळजवळ ७९ टक्क्यांवर येते. त्यामुळे ७४ टक्क्यांवरचा आपला दुसरा मुलगा टक्केवारीने 'मध्यम', पण आजच्या निकषाने सॅम, म्हणजे तीव्र कुपोषित. टक्केवारी वाचताना तक्ता कोणता, हे आधी विचारावं.

आणि दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरल्यावर खळगा राहत असेल, तर ती सूज पोषणाच्या अभावाची असू शकते. अंगातल्या पाण्याने काटा वर सरकतो आणि उंचीनुसार वजन खोटंच चांगलं दिसतं. अशा मुलाला टक्केवारी न पाहता तीव्र कुपोषितांत धरतात.